किती युरो तिथे, किती रुपये घरी

"कंपनी जर्मनीला पाठवतेय. पगारातले किती टक्के तिथे ठेवू आणि किती घरी पाठवू?"

टक्क्यांत उत्तर देता येत नाही, कारण दोन्हीकडचे खर्च पगाराच्या प्रमाणात वाढत नाहीत. घरभाडं पगार विचारून ठरत नाही आणि आईवडिलांची औषधंही. म्हणून मी एक उदाहरण मांडतो. आकडे कल्पनेतले आहेत, तिथे तुमचे घाला. भारतातला पगार चालू ठेवून वर भत्ता देणारी पोस्टिंग असेल, तर घरखर्च त्या पगारातून भागतो आणि प्रश्न बराच सोपा होतो. इथे मी जर्मन पेरोलवर गेलेल्या माणसाबद्दल बोलतोय.

समजा, कर आणि विमा कापून हातात 3,800 युरो येतात. मूळ भाडं 1,050, हीटिंग वगैरे धरून 1,300. बाकी राहणीला 900. म्हणजे 2,200 तिथेच लागतात. घरी आईवडिलांना 30,000 रुपये आणि गृहकर्जाचा हप्ता 32,000, मिळून 62,000. सोयीसाठी युरोला 100 रुपये धरले तर 620 युरो. ही रक्कम नेहमी रुपयांत ठरवा. घरचे खर्च रुपयांत आहेत, तेव्हा दर वरखाली झाला तर फरक तुमच्या युरोंनी सोसावा, घरच्यांनी नाही. उरले 980.

खरा निर्णय या 980 चा आहे. पहिल्या वर्षी त्यातलं काहीही घरी पाठवू नका, असं माझं ठाम मत आहे. घरमालक मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत अनामत मागू शकतो, इथे 3,150 युरो. कायद्याने ती तीन मासिक हप्त्यांत भरता येते, पहिला हप्ता भाडेकरार सुरू होतानाच. म्हणजे महिन्याला 1,050, आणि तुमच्याकडे उरतात 980. पहिला पगार महिनाअखेरीला येतो, हे वेगळंच. तेव्हा निघताना थोडे युरो सोबत हवेत, आणि घरी आधीच सांगून ठेवा की पहिलं वर्षभर ठरलेल्या रकमेपलीकडे काही येणार नाही. हे निघण्यापूर्वी बोललेलं बरं. नंतर तेच फोनवर सांगताना दोन्हीकडे मन खट्टू होतं.

अनामत भरून झाली की तीन महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी, म्हणजे 6,600 युरो, तिथल्याच खात्यात साठवा. तीनच महिने का? ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर असताना पहिल्या दोन वर्षांत नोकरी गेली, तर दुसरी शोधायला साधारण तेवढाच अवधी मिळतो. शिवाय बेकारी भत्त्यासाठी मागच्या तीस महिन्यांत किमान बारा महिने विम्याचे हप्ते भरलेले असावे लागतात. पहिल्या वर्षात ते होतच नाहीत. म्हणजे सगळ्यात कमी आधार असतो तेव्हा तुमच्याजवळ स्वतःच्या पैशांखेरीज काहीच नसतं. अनामत आणि गंगाजळी मिळून 9,750 युरो, 980 च्या वेगाने दहा महिने.

या काळात दर वस्तूची किंमत शंभराने गुणायची सवय लागते. त्यापायी थंडीचा चांगला कोट न घेणारे, भाषेचा वर्ग टाळणारे लोक मी पाहिलेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पगार युरोत आहे, मग तिथला खर्चही युरोतच मोजावा. 2,200 मध्ये ते 900 मनापासून खर्च करण्यासाठीच धरलेत.

दुसऱ्या वर्षी 980 मोकळे होतात. आता विचारायचं ते इतकंच: हे पैसे पुढे कुठे खर्च होणार? तिथेच राहायचं, मुलं तिथेच शिकणार असं पक्कं असेल तर युरोतच ठेवा. परतायचं असेल, किंवा ठरलं नसेल, तर मी आधी गृहकर्ज फेडेन. समजा कर्जाचा व्याजदर साडेआठ टक्के आहे आणि युरोतल्या ठेवीवर दोन टक्के मिळतात. रुपया वर्षाला तीन टक्क्यांनी घसरला असं धरलं तरी युरो ठेवण्याचा फायदा पाचाच्या आसपास राहतो. शिवाय रुपया घसरेल हा अंदाज असतो, वाचलेलं व्याज मात्र नक्की. बदलत्या दराचं वैयक्तिक गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर दंडही नाही.

पाठवताना दोन वाटा वेगळ्या ठेवा. घरखर्चाचे पैसे थेट आईवडिलांच्या खात्यात. ती जवळच्या नातेवाइकाने दिलेली भेट ठरते, त्यांना त्यावर कर नाही. आईवडील आर्थिकदृष्ट्या तुमच्यावर अवलंबून असतील तर जर्मन विवरणपत्रात काही वजावटही मागता येते. मात्र 2025 पासून त्यासाठी पैसे बँकेतून गेलेले असावे लागतात, आणि भारतासाठी मर्यादा तिथल्यापेक्षा बरीच कमी धरतात. स्वतःची बचत आणि कर्जाचे पैसे एनआरई खात्यात, म्हणजे परदेशातल्या कमाईसाठी भारतात उघडायच्या अनिवासी खात्यात. नोकरीसाठी देश सोडल्यावर जुनं बचत खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे भारतातल्या उत्पन्नासाठीचं अनिवासी खातं करून घ्यावं लागतं. एनआरईतली मुद्दल आणि व्याज दोन्ही परत बाहेर नेता येतात आणि व्याजावर भारतात कर नाही. जर्मनीत मात्र तुम्ही रहिवासी असता, तेव्हा ते व्याज तिथे दाखवावं लागतं. पत्नीच्या नावे ठेव केली तर तिचं व्याज भारतात तुमच्याच उत्पन्नात धरतात, म्हणून कर वाचवायला ती वाट धरू नका.

"शुल्क शून्य" ही जाहिरात वाचून सेवा निवडू नका. कमाई दरात लपलेली असते. बाजारातला मधला दर 100 असताना कोणी 98 देत असेल, तर 620 युरोंमागे महिन्याला 1,240 रुपये गेले, वर्षाला जवळजवळ पंधरा हजार. पाठवण्याआधी सगळं कापून खात्यात किती रुपये पडणार, तेवढाच आकडा दोन-तीन ठिकाणी त्याच वेळी पाहा.

एनआरई खात्याची एक अडचण फार थोड्यांच्या लक्षात येते. त्यात आईला किंवा वडिलांना सहखातेदार करता येतं, पण तुम्ही हयात असेपर्यंत ते मुखत्यारपत्राशिवाय त्यातून पैसे काढू शकत नाहीत. रात्री इस्पितळात भरती व्हायची वेळ आली तर तुमचे लाखो रुपये तिथे असूनही हाताशी नसतात, आणि शनिवारी-रविवारी परदेशातून पाठवलेले पैसे सोमवारपर्यंत अडकू शकतात. तेव्हा गंगाजळी भरल्यावर, कर्जाच्याही आधी, दोन-तीन महिन्यांचे 980 आईवडिलांच्या स्वतःच्या बचत खात्यात टाका. ते दोन-तीन लाख आजारपणासाठीच आहेत हे दोघांनाही सांगा, आणि डेबिट कार्ड आणि पिन दोघांना वापरता येतो की नाही, ते निघण्याआधी त्यांच्यासोबत एटीएमवर जाऊन बघा.