एक मॉनिटर ९९ वर, दुसरा ८५ वर

जानेवारीतली सकाळ होती. निफाडला पारा घसरला की नाशिकमध्ये गॅस गिझर दिवसभर पेटतात आणि बाथरूमच्या झरोक्यांवर वर्तमानपत्रं चिकटवली जातात. त्यामुळे सिडकोतून एक बाई आंघोळ करताना बेशुद्ध पडून आल्या, तेव्हा नवऱ्याला मी पहिला प्रश्न गिझरबद्दलच विचारला. गिझर आतच होता, झरोका बंद होता. सासूबाई सोबत आल्या होत्या आणि सकाळपासून आपलं डोकं ठणकतंय म्हणत होत्या, पण त्यांच्या मते ते पित्त होतं.

बाईंचं वय ३४. हाक मारली की डोळे उघडायच्या आणि पुन्हा ग्लानीत जायच्या. छाती स्वच्छ होती, श्वास शांत होता, ओठ गुलाबी होते. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९९ दाखवत होता. घराजवळच्या दवाखान्यात धमनीतल्या रक्ताची तपासणी झाली होती. तिच्यात ऑक्सिजनचा दाब ९६ मिमी आणि सॅच्युरेशन ९८ टक्के होतं. नवरा तो कागद माझ्यापुढे धरून म्हणाला, "मॅडम, ऑक्सिजन तर पूर्ण आहे, मग ही उठत का नाही?"

प्रश्न अगदी रास्त होता. दाबाचा आकडा खरा होता, पण त्याचा अर्थ मर्यादित असतो. फुप्फुसातून रक्ताच्या पाण्यात किती ऑक्सिजन विरघळला एवढंच तो सांगतो, आणि फुप्फुसं ठणठणीत असतील तर तो चांगलाच येणार. मात्र विरघळलेला ऑक्सिजन १०० मिली रक्तात जेमतेम ०.३ मिली असतो. बाकी सगळा माल हिमोग्लोबिन वाहतं. त्या कागदावरचं ९८ टक्के मोजलेलं नव्हतं. साधं यंत्र दाबावरून हिशेब करून तो आकडा छापतं आणि सगळं हिमोग्लोबिन निरोगी आहे असं गृहीत धरतं. ऑक्सिमीटरही फसतो. तो लाल आणि इन्फ्रारेड अशा दोनच प्रकाशांवर चालतो, आणि बंद जागेत गिझरचा गॅस जळताना तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाशात त्याला ऑक्सिजन भरलेल्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं.

मी मास्कने पूर्ण ऑक्सिजन सुरू केला आणि रक्त को-ऑक्सिमीटरवर पाठवलं. हे यंत्र अनेक तरंगलांबी वापरून प्रत्येक प्रकारचं हिमोग्लोबिन वेगळं मोजतं. उत्तर आलं : कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं हिमोग्लोबिन ३२ टक्के.

आमच्या निवासी डॉक्टरला तरीही पटेना. "मॅडम, ३२ टक्के गेलं तरी ६८ टक्के उरलंच की. आठ हिमोग्लोबिनच्या बायका ओपीडीत चालत येतात."

त्याने नेमकी तीच तुलना केली जी करायला हवी. मी केसपेपरच्या मागे हिशेब मांडला. बाईंचं हिमोग्लोबिन १२, म्हणजे १०० मिली रक्तात १२ ग्रॅम. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिली ऑक्सिजन धरतं, म्हणजे १०० मिली रक्तात १६ मिली. त्यातलं ३२ टक्के वजा केलं की उरतात ११ मिली. ८ हिमोग्लोबिनवाल्या बाईच्या रक्तातही जवळपास तेवढेच असतात. माल सारखा, तरी ती बाई घरकाम उरकून बसने येते आणि ही स्ट्रेचरवर. फरक माल उतरवण्यात आहे.

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ऑक्सिजनसाठी चार जागा असतात. एक ऑक्सिजन सुटला की बाकीच्यांची पकड ढिली होते आणि ते सहज उतरतात. कार्बन मोनॉक्साइडची पकड ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त. तो एका जागेवर बसला की सुटत नाही, आणि रेणू 'भरलेल्या' आकारातच अडकून राहतो. मग उरलेल्या तीन जागांवरचा ऑक्सिजनही घट्ट धरला जातो. एसटीत दारातलाच प्रवासी उतरायला तयार नसेल तर मागचे तिघं थांब्यावरून पुढे जातात, तसं.

शरीर विश्रांतीत असताना १०० मिली रक्तामागे साधारण ५ मिली ऑक्सिजन काढून घेतं. ८ हिमोग्लोबिनवाली बाई हे ५ मिली देते तेव्हा तिच्या शिरेतल्या रक्तातला दाब २७ मिमीच्या आसपास राहतो. आमच्या रुग्णासाठी तोच हिशेब केला तर दाब १९ पर्यंत उतरल्याशिवाय तेवढे ५ मिली सुटतच नाहीत. पेशींकडे ऑक्सिजन ढकलणारा जोर हाच दाब असतो. मेंदूला आणि हृदयाला ही घसरण आधी जाणवते. बाईंच्या ईसीजीतही एसटी नावाचा भाग खाली दबलेला होता, हृदयाला ऑक्सिजन कमी पडत असल्याची ती खूण.

आणि धाप का नाही? मानेतल्या धमनीजवळचे संवेदक मुख्यतः विरघळलेल्या ऑक्सिजनचा दाब पाहतात, रक्तात एकूण माल किती आहे ते नाही. दाब ९६, म्हणून ते गप्प. माणूस श्वासासाठी तडफडत नाही, दार उघडायलाही धावत नाही. डोकं दुखतं, पाय गळतात आणि तो खाली बसतो.

योगायोग असा की शेजारच्या खाटेवर आदल्या दिवशीपासून उलट चित्र होतं. त्वचारोगासाठी डॅप्सोन दिलेल्या एका तरुणाने प्रिस्क्रिप्शन नीट न वाचता बऱ्याच गोळ्या एकत्र घेतल्या होत्या. तो निळसर करडा दिसत होता, ऑक्सिजन लावूनही मॉनिटर ८५ वरून हलत नव्हता, आणि छाती तितकीच स्वच्छ होती. त्याचं रक्त चॉकलेटी होतं. शिरेतलं साधं काळपट रक्त टिपकागदावर हवेत लाल होतं, याचं झालं नाही. को-ऑक्सिमीटरवर मेटहिमोग्लोबिन ३४ टक्के.

इथे बाहेरून कोणी येऊन जागा बळकावत नाही. औषधामुळे हिमोग्लोबिनमधल्या लोहाचा एक इलेक्ट्रॉन जातो, आणि असं लोह ऑक्सिजन धरूच शकत नाही. हेच मेटहिमोग्लोबिन. पण रेणूतल्या उरलेल्या जागांची पकड इथेही घट्ट होते, म्हणून परिणाम तोच : माल कमी, आणि आहे तोही उतरत नाही. मेटहिमोग्लोबिन दोन्ही प्रकाश जवळपास सारखेच शोषतं, त्यामुळे ते वाढलं की ऑक्सिमीटर ८५ जवळ अडकतो. तो आकडा रुग्णाचा नसून यंत्राच्या गणिताचा असतो.

नातेवाइकांचा सगळा घोळका निळ्या मुलाभोवती होता. ते स्वाभाविकच आहे, पण त्या तासाला मला काळजी गुलाबी बाईंची होती.

उपचारांत मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या. साध्या हवेत कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात, पूर्ण ऑक्सिजनवर सुमारे सव्वा तास. म्हणून ९९ पाहून मास्क काढायचा नाही, हे सिस्टरांना मी दोनदा बजावलं. अडीच तासांनी ३२ चे ८ टक्के झाले. बाई नीट बोलू लागल्या आणि पहिल्यांदा विचारलं, मुलीला शाळेत कोणी सोडलं. सासूबाईंचं पित्त १४ टक्के निघालं. त्यांनाही मास्क लावला.

मुलाला नुसत्या ऑक्सिजनचा फारसा उपयोग नव्हता, कारण लोहाला इलेक्ट्रॉन परत द्यायचा होता. ते काम मिथिलीन ब्लू करतं : वजनाच्या किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, शिरेतून, पाच मिनिटांत. आधी घरात जी-६-पीडीची कमतरता कुणाला आहे का हे विचारून घेतलं होतं. ते विकर नसेल तर औषध चालत नाही, उलट तांबड्या पेशी फुटतात. सुई देताना मॉनिटर एकदम ७० च्या खाली गेला आणि आई किंचाळली. औषधाची निळी शाई प्रकाश अडवत होती, एवढंच. तासाभरात त्याचा रंग परतला, लघवी मात्र हिरवी-निळी झाली.

बाईंचा फोन दुसऱ्या दिवशी सिडकोतून आला, बरं आहे म्हणून. तरी येत्या काही आठवड्यांत विसराळूपणा किंवा चालण्यात फरक जाणवला तर लगेच आणा, असं मी नवऱ्याला पुन्हा सांगितलं आणि गिझर बाहेर बसवल्याशिवाय पेटवू नका असंही. पण डॅप्सोन शरीरात बराच काळ राहतं. त्याच संध्याकाळी मुलाचं मेटहिमोग्लोबिन परत २६ वर चढलं होतं, आणि मी मिथिलीन ब्लूचा पुढचा डोस लिहून दिला.