आठ भोकांचं विनंतीपत्र

‘स. न. वि. वि.’ लिहून होतं आणि भाडेकरूचं पेन अडतं. ‘भिंतीला भोकं पाडू का?’ असं सरळ विचारलं तर घरमालक काकांच्या डोळ्यांपुढे भिंतीची चाळण उभी राहणार. मग ‘एक छोटीशी फळी लावायची होती’ असं मोघम लिहिलं जातं. घरमालक बिचकतो तो याच मोघमपणाला.

त्यापेक्षा आकडे लिहावेत. तीन फुटी दोन फळ्या, फळीला दोन ब्रॅकेट, ब्रॅकेटला दोन स्क्रू. म्हणजे आठ भोकं, प्रत्येक ८ मिलिमीटर रुंद आणि दोन इंच खोल. दोन इंच ऐकून काका दचकतील, तर कारणही द्यावं. आतलं प्लास्टर जेमतेम अर्ध्या इंचाचं असतं. स्क्रू धरून ठेवणारा प्लास्टिकचा प्लग तेवढ्यातच अडकला तर पुस्तकांच्या भाराने फळी प्लास्टरचा पोपडा घेऊनच खाली येते. प्लगची पकड विटेत हवी.

जागाही सांगावी, पेन्सिलच्या खुणांचा फोटो जोडून. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल लावणार नाही, कारण वायरींच्या नळ्या बहुधा तशाच उभ्या गेलेल्या असतात. कॉलम-बीमलाही हात लावणार नाही, हे लिहिलं की अर्धी धास्ती जाते. आणि एक प्रश्न जरूर विचारावा: ‘भिंत विटेची आहे की हलक्या ब्लॉकची?’ माहिती असली तर काका खुशीत सांगतील. नसली तर भुकटी सांगते. लाल आली तर वीट. पांढुरकी, मऊ आली तर ब्लॉक. तिथे ड्रिलचा हॅमर बंद करायचा, नाहीतर भोक मोठं होऊन प्लग नुसता गरगर फिरतो.

खरी गोम शेवटच्या वाक्यात आहे: ‘जाताना भिंत पूर्ववत करून देईन.’ भोक बुजवणं अवघड नाही. प्लगमध्ये स्क्रू अर्धा फिरवून पक्कडीने दोन्ही एकदम ओढायचे, धूळ झाडायची, आत पाणी शिंपडायचं आणि पुट्टी भरायची. कोरडी वीट पुट्टीतलं पाणी शोषते आणि पुट्टी तडकते, म्हणून पाणी. एकदाच ठासून भरली तर सुकताना खड्डा पडतो, म्हणून दोन थर. मग पॉलिश पेपर, प्रायमर, रंग. पण जुना रंग उन्हाने, धुराने उतरलेला असतो. त्याच शेडचा नवा ठिपकाही त्यावर चमकतो आणि डिपॉझिटच्या वेळी नेमका तोच दिसतो. तेव्हा असं लिहावं:

‘भोकं बुजवून ती संपूर्ण भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत माझ्या खर्चाने रंगवून देईन. कृपया रंगाचा शेड नंबर कळवावा. फळ्या तिथेच ठेवाव्यात असं आपल्याला वाटल्यास तसं सांगावं.’

होकार मात्र फोनवर नको. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चालेल’ एवढं आलं तरी पुरे. अकरा महिन्यांनी हिशेबाला बसल्यावर फोनवरचं बोलणं दोघांना वेगवेगळं आठवतं.