दोन इंची पाइपात लोखंड किती? माझी हिशेबाची रीत

माल उतरवून घेताना पाइपाचं वजन बिलाशी जुळतंय का, हे मी काट्यावर चढवण्याआधी कागदावर काढून ठेवतो. उदाहरण रोजच्यातलंच घेतो: दोन इंची, बी क्लास म्हणजे मध्यम जाडीचा, काळा एम. एस. पाइप, सहा मीटर लांब.

पहिली फसगत 'दोन इंच' या शब्दातच आहे. ते नुसतं नाव आहे, माप नव्हे. आयएस १२३९ या भारतीय मानकाप्रमाणे या पाइपाचा बाहेरचा व्यास ६०.३ मिमी आणि बी क्लासची जाडी ३.६ मिमी. दोन इंच म्हणजे ५०.८ मिमी हाच बाहेरचा व्यास धरला, तर वजन सुमारे १७ टक्के कमी निघतं आणि बरोबर आलेला माल जास्त वजनाचा वाटतो.

बाहेरची त्रिज्या R = ३.०१५ सेंमी. त्यातून जाडी वजा केली की आतली r = २.६५५ सेंमी. इथे जाडी एकदाच वजा करायची. व्यासातून आतला व्यास काढत असाल तर दोनदा.

आता धातूचं घनफळ π(R² − r²) × लांबी. दोन वर्ग वेगवेगळे काढून मी कधीच वजाबाकी करत नाही. ते वर्ग ९.०९०२ आणि ७.०४९० येतात, दोन्ही मोठे आणि फरक लहान. त्रिज्या ३.० आणि २.७ अशा सोयीने धरल्या, तर फरक २.०४ ऐवजी १.७१ येतो, म्हणजे १६ टक्के लोखंड कागदावरच गायब. त्यापेक्षा (R − r)(R + r) करावं: ०.३६ × ५.६७ = २.०४१२. याला π ने गुणलं की छेदाचं क्षेत्रफळ ६.४१ चौ. सेंमी. एक मीटरला ६४१ घन सेंमी, गुणिले घनता ७.८५, म्हणजे ५.०३ किलो. सहा मीटरचा पाइप ३०.२ किलो.

हाताखालच्या नव्या मुलांच्या वहीत सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे (R − r)². त्याने मीटरला जेमतेम ३२० ग्रॅम येतात. दोन इंची पाइपाचा मीटरभर तुकडा एकदा हातात धरलेल्याला हा आकडा खोटा आहे हे लगेच कळतं. त्रिज्येच्या जागी व्यास घातला तर उलटं, उत्तर चौपट होऊन २० किलो.

खरी काळजी मात्र जाडी मोजताना घ्यावी लागते. बाहेरचा व्यास ०.१ मिमीने चुकला तर वजनात ०.२ टक्क्यांचाही फरक पडत नाही. जाडी तेवढीच चुकली तर २.६ टक्के. व्हर्नियरचा आतला जबडा सपाट, पाइपाची आतली बाजू खोलगट. त्यामुळे जबडा मधोमध टेकत नाही, दोन्ही कडांवर बसतो आणि जाडी जास्त दाखवतो. ३ मिमी रुंद जबड्याला या पाइपात सुमारे ०.०४ मिमी, म्हणजे वजनात एक टक्का. म्हणून जबड्याचं निमुळतं टोक वापरावं. कापलेल्या तोंडावरची बर, म्हणजे कापताना उठलेली धातूची धार, आधी कानशीने काढावी, आतल्या वेल्डच्या उंचवट्यावर माप घेऊ नये, आणि परिघावर चार ठिकाणी मोजून सरासरी धरावी. एवढं करूनही एखाद्या नगाचं वजन थोडं इकडे-तिकडे येणारच. तेवढी सूट मानकातच आहे. ताडून पाहायचं तर पूर्ण लॉट काट्यावर घ्यावा.

R + r म्हणजे मधल्या त्रिज्येची दुप्पट. म्हणून वरचं सूत्र 'मधला परीघ × जाडी × लांबी' असंही वाचता येतं. पाइप उभा चिरून सपाट पट्टी केली असं समजा: बाहेरच्या बाजूला जेवढं लोखंड कमी धरलं जातं, तेवढंच आतल्या बाजूला वाढीव धरलं जातं. पाइपासाठी हे अंदाजे नाही, तंतोतंत आहे.

हीच युक्ती पोकळ गोलाला लावली की मात्र थोडी तूट येते. तिथे खरं घनफळ ४/३ π(R³ − r³). बाहेरची त्रिज्या १० सेंमी आणि आतली ८ सेंमी असेल, तर घनांचा फरक १००० − ५१२ = ४८८ आणि घनफळ २०४४ घन सेंमी. मधल्या ९ सेंमी त्रिज्येच्या पृष्ठभागाला २ सेंमी जाडीने गुणलं तर २०३६ येतं. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत, त्यामुळे पातळ कवचाला चालून जातं. पण आतली त्रिज्या ५ सेंमी केली की खरं ३६६५ आणि युक्तीने ३५३४. साडेतीन टक्क्यांहून जास्त कमी. गोलाचा पृष्ठभाग त्रिज्येच्या वर्गाने वाढतो, म्हणून बाहेरची वाढ आतल्या घटीपेक्षा नेहमी मोठीच राहते. ही तूट बरोबर π/३ × जाडीचा घन इतकी असते. जाडी २ असताना ८.४, आणि ५ असताना १३१ घन सेंमी. जाड कवचाला मी सरळ घनच काढतो.