वरची तीन कार्डं

“ताई, तुमच्या लिंक्डइन प्रोफाइलवर निवडक कामं दाखवायच्या ‘Featured’ विभागात तीनच कामं दिसतात. इतक्या वर्षांचं बाकीचं कॉपीरायटिंगचं काम का नाही टाकलं?”

टाकलं होतं की! एके काळी तिथं अकरा कार्डं होती. हॉटेलचं मेन्यूकार्ड, साडीच्या दुकानाची दिवाळीची जाहिरात, दोन ब्रोशर, शिवाय एका कोर्सचं सर्टिफिकेट. मग एका ओळखीच्या डिझायनरनं रंकाळ्यावर भेळ खाता खाता स्वतःच्या फोनवर माझं प्रोफाइल उघडलं आणि फोन माझ्या हातात दिला. पहिलं कार्ड पूर्ण दिसत होतं, दुसऱ्याची नुसती कड. पुढचं बघायचं तर बोटानं सरकवत जायचं. सहाव्या-सातव्या कार्डापर्यंत मीच कंटाळले. आणि सगळ्यात पहिलं कार्ड कुठलं, तर ते सर्टिफिकेट.

डिझायनरचं बरं असतं. लोगो कितीही बारीक केला तरी लोगोच दिसतो. आपलं काम शब्दांचं, आणि बोटभर चित्रातले शब्द कुणाला वाचता येत नाहीत. लेबलचा फोटो लावला की बघणारा बाटलीच्या आकाराचं कौतुक करतो. त्यात खाली नाव क्लायंटचं. आपण नेमकं काय केलं, हे कळायला जागाच नाही. म्हणून मी तयार कामाचे फोटो लावणं बंद केलं आणि त्याऐवजी तीन पानांची पीडीएफ लावायला लागले. प्रोफाइलवर ‘Add profile section’मधून ‘Featured’ घ्यायचं, मग अधिकच्या खुणेवर ‘Add media’ म्हणून फाइल चढवायची. ती तिथंच पानं उलटत वाचता येते, डाउनलोड करावी लागत नाही.

सध्या पहिलं कार्ड आहे ते गुळाच्या पावडरीचं. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळवाल्या काकांनी पावडर पाकिटात भरून विकायला सुरुवात केली होती. पाकिटावर लिहिलं होतं, ‘शुद्ध, नैसर्गिक, आरोग्यदायी’. बाजारातल्या प्रत्येक पाकिटावर हेच असतं, त्यामुळं ते कुणी वाचत नाही. मी काकांना म्हटलं, तुमचा फोन द्या जरा. व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकांचे जे प्रश्न आले होते ते तासभर बसून वहीत उतरवले. दोनच प्रश्न सारखे येत होते. चहात घातला की दूध फाटतं का? आणि हा एवढा काळपट का?

दोन्हीची उत्तरं काकांकडं तयार होती, फक्त पाकिटावर नव्हती. गूळ घालून चहा खळाखळा उकळला तर दूध फाटू शकतं. आच बंद करून, चहा जरा निवल्यावर घातला तर सहसा फाटत नाही. रंगाचं कारण वेगळं. पिवळाधमक गूळ दिसावा म्हणून बरेच जण रसात हायड्रॉस नावाचं रसायन घालतात. काका घालत नाहीत, मळी काढायला रानभेंडीच वापरतात, म्हणून रंग गडद येतो. मग पाकिटाच्या पुढं आलं, ‘रंग गडद आहे, कारण हायड्रॉस घातलेलं नाही.’ आणि मागं, ‘चहा आधी उतरवा, मग गूळ घाला.’ ‘आरोग्यदायी’ काढून टाकलं, कारण ते सिद्ध करायला काकांकडं काही नव्हतं.

पीडीएफच्या पहिल्या पानावर जुनं पाकीट आणि वहीतले ते दोन प्रश्न आहेत. दुसऱ्यावर नवा मजकूर, मोठ्या अक्षरात, डिझाइनशिवाय. तिसऱ्यावर मी काय काढलं आणि का, हे चार ओळीत. नवीन लोक इथं ‘विक्री अमुक टक्के वाढली’ असं ठोकून देतात. माझ्याकडं तसा आकडा नव्हता. काका एवढंच म्हणाले, “आता फाटतं का म्हणून कुणी विचारत नाही बघा.” तेच वाक्य त्यांना विचारून शेवटी घातलं. नंतर आलेल्या एका क्लायंटनं मला तेच वाक्य वाचून फोन केला होता, पण सगळे तसे करतील असं नाही.

कार्डाच्या नावावर मी जवळजवळ लेबलाइतकाच वेळ घालवला. आधी होतं, ‘गूळ ब्रँड कॉपी, अंतिम पीडीएफ’. ते फोल्डरमधल्या फाइलचं नाव झालं. आता आहे, ‘गडद गूळ विकायचा कसा? पाकिटावरचे दोन बदल’. मुद्दा पहिल्या तीन-चार शब्दांत यायला हवा, कारण लांब नाव फोनवर मधूनच तुटतं. पीडीएफचं पहिलं पान म्हणजेच कार्डाचं चित्र, म्हणून त्यावर फार मजकूर ठेवू नये.

दुसरं कार्ड शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या वेबसाइटच्या पानाची लिंक आहे, इंग्रजीतली. गुळाचं बघून लोकांना वाटतं की बाई खाण्यापिण्याचंच लिहिते, म्हणून ते मुद्दाम ठेवलंय. तिसरी माझीच एक पोस्ट, एका वाक्याचे पाच खर्डे दाखवणारी. क्रम पेन्सिलीच्या खुणेतून आत जाऊन बदलता येतो. फाउंड्रीवाल्यांशी बोलणं चालू असेल तेव्हा मी दुसरं कार्ड पुढं आणते आणि नंतर परत मागं नेते.

बाकीचं काम का नाही, याचं अर्धं उत्तर परवानगीतही आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं फ्रीलान्सरनं लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक साधारणपणे तोच असतो. नोकरीत लिहिलेल्याचं तसं नाही. पण करारात हक्क लिहून दिले असतील किंवा गुप्ततेचं कलम असेल, तर आपण लिहिलेलं असूनही दाखवता येत नाही. एजन्सीच्या नावानं केलेलं काम मी विचारल्याशिवाय लावतच नाही. क्लायंटला पीडीएफच पाठवायची आणि ‘हे माझ्या प्रोफाइलवर लावू का?’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी विचारायचं. काकांनी फक्त घाऊक भाव झाकायला सांगितला.

एक फजिती सांगते. पीडीएफच्या आधी मी गूगल ड्राइव्हची लिंक लावली होती. माझ्या लॅपटॉपवर ती छान उघडायची, उघडणारच, खातं माझंच. पुण्याच्या एका बाईंनी स्क्रीनशॉट पाठवला, ‘You need access’. ‘General access’ ‘Restricted’वरच राहिलं होतं, ‘Anyone with the link’ करायचं राहून गेलं. किती जण तसेच परत गेले, देव जाणे. क्लायंटच्या साइटचंही तेच. साइट नवी केली की जुनं पान गायब होतं आणि आपलं कार्ड मात्र तसंच दिसत राहतं. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी दुसऱ्या कार्डाची लिंक इन्कॉग्निटोमध्ये उघडते, आणि त्या पानाची पीडीएफ आधीच करून ठेवली आहे, पान गेलं तर लगेच तिथं चढवायला.