800ची चादर आणि 128 ग्रॅमचं कापड

इचलकरंजीत कापड तपासणीच्या लॅबमध्ये मी काम करते. इथे येणारं बहुतेक कापड यंत्रमागावरचं असतं आणि वाद बहुतेक पैशांचे असतात. महाबळेश्वरच्या एका हॉटेलचे मॅनेजर आधी पाठवलेल्या दोन चादरी आणि दोन टॉवेलांची तपासणी बघायला आले तो दिवस मात्र माझ्या चांगलाच लक्षात आहे. कारण त्या दिवशी नुसत्या वजनाने एक दावा उघडा पाडला.

पहिल्या चादरीच्या पाकिटावर ठळक छापलं होतं, ‘800 थ्रेड काउंट, 100 टक्के कॉटन’. दुसरी कोल्हापूरच्या एका कारखानदाराची. तिच्याबरोबर पाकीट नव्हतं, फक्त बिलावर पेनाने लिहिलेली ओळ होती: 60 × 60, 170 × 130. म्हणजे ताणा-बाणा दोन्हीला 60 नंबरचं सूत, इंचाला 170 उभे आणि 130 आडवे धागे. बेरीज 300, हाच तिचा थ्रेड काउंट.

“मॅडम, 800 वाली हाताला किती मऊ लागते बघा. आणि भाव 300 वालीपेक्षा थोडाच जास्त आहे,” मॅनेजर म्हणाले.

भाव ऐकल्यावर मी आधी तराजूच काढला. चादरी आदल्या दिवशी धुऊन, खळ काढून, रात्रभर 27 अंश तापमान आणि 65 टक्के आर्द्रतेच्या खोलीत ठेवल्या होत्या. कापूस हवेतलं पाणी ओढतो, त्यामुळे हे केल्याशिवाय वजन खरं येत नाही. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. जीएसएम कटरने कापडाची बरोबर 100 चौरस सेंटिमीटरची गोल चकती निघते. तिचं वजन ग्रॅममध्ये घ्यायचं आणि 100ने गुणायचं. 300 वाली 121 ग्रॅम भरली, 800 वाली 128.

इथेच मी थांबले. धागे अडीच पटींहून जास्त आणि वजनात फरक 7 ग्रॅमचा?

हिशेब साधा आहे. इंचातले धागे भागिले सुताचा नंबर, गुणिले 23.25, की चौरस मीटरचं वजन मिळतं. धागे एकमेकांच्या वरून-खालून जातात, त्यामुळे सूत जरा जास्त लागतं, म्हणून त्यात पाच-सहा टक्के मिळवायचे. कोल्हापूरच्या चादरीला हे लावलं तर 122-123 येतात, म्हणजे तराजूशी जुळलं. 60 नंबरच्याच सुताचे 800 धागे इंचात बसवले, तर वजन 300 ग्रॅमच्या वर जाईल. ते जीन्सचं कापड झालं, चादर नव्हे. 800 धागे असूनही वजन 128च यायचं असेल, तर सूत सुमारे 150 नंबरचं हवं. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. इतकं बारीक सुती सूत फार महाग पडतं, या भावात ते येणं शक्यच नव्हतं.

मग पिक ग्लास लावला. एका इंचाची चौकट, वर भिंग आणि हातात सुई. कापडावर पाच ठिकाणी मोजलं. उभे धागे 180. आडव्या जागा फक्त 80. पण सुईने एक आडवा धागा उसवला तर तो एक नव्हताच, बाजूबाजूला पडलेले आठ तलम तंतू होते. 80 गुणिले 8 म्हणजे 640, त्यात 180 मिळवले की 820. पाकिटावरचा 800 असा तयार झाला होता.

दोन पदरी पीळ दिलेला धागा मोजताना एकच धरायचा, हा एएसटीएम या अमेरिकेतल्या मानक संस्थेच्या मोजणीचा नियम आहे. पदर वेगवेगळे मोजून आकडा फुगवला तर ग्राहकाची दिशाभूल होऊ शकते, असं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही 2005 साली सांगितलं होतं. एका वेळी बाजूबाजूला सोडलेल्या धाग्यांवर मात्र अजून वाद घातला जातो, आणि विक्रेते नेमके तिथेच शिरतात. म्हणून मी रिपोर्टात दोन्ही आकडे लिहिते: आडव्या जागा किती आणि प्रत्येक जागेत तंतू किती.

खरा प्रश्न त्या तंतूंचा होता. ताण्याचं सूत 60 नंबरचं निघालं, म्हणजे 180 उभ्या धाग्यांचं वजन 74 ग्रॅमच्या आसपास. उरलेल्या 54 ग्रॅममध्ये 640 धागे. मी आडवे तंतू चिमट्यात धरून ज्योतीला लावले. सुती धागा भुरुभुरु जळतो, जळक्या कागदासारखा वास येतो आणि मऊ राख पडते. हे तंतू आकसले, वितळले आणि टोकाला काळा टणक मणी झाला. पॉलिएस्टर. मग कोरड्या तुकड्याचं वजन घेऊन तो 75 टक्के सल्फ्युरिक आम्लात ठेवला. कापूस विरघळला, पॉलिएस्टर राहिलं. शंभरात 42 भाग.

मॅनेजर बराच वेळ त्या मण्याकडे बघत होते. “म्हणजे मऊपणा याचाच का?”

याचाच. मिश्र कापड वाईट असतं असं मी म्हणणार नाही. ते लवकर वाळतं, कमी चुरगळतं आणि टिकतंही. पण गिऱ्हाईक कापसाचे पैसे देतं तेव्हा त्याला कापूसच मिळायला हवा, यावर मी तडजोड करत नाही.

टॉवेलांची गोष्ट वेगळी निघाली. एकावर 600 जीएसएमचा दावा होता, दुसरा सोलापूरचा, 450चा. दोन्ही 75 × 150 सेंटिमीटर. पहिला 668 ग्रॅम भरला, म्हणजे 594 जीएसएम. दावा खरा. तीन धुण्यांनंतरही जीएसएम 600च्या आसपासच आला. पण टॉवेल आटून 71 × 143 झाला होता आणि त्याचं एकूण वजन 611वर आलं होतं. आटल्यामुळे कापड दाट झालं आणि निघून गेलेले 57 ग्रॅम जीएसएममध्ये दिसलेच नाहीत. ते सिलिकॉनचं फिनिश आणि सुटलेला तूस होता. म्हणून धुतलेल्या टॉवेलचा नुसता जीएसएम बघू नये, अख्खा टॉवेल काट्यावर ठेवावा. सोलापूरचा 506चा 488 झाला होता. कोऱ्या टॉवेलांचे छोटे तुकडे पाण्यावर सोडले, तेव्हा सोलापूरचा पाणी पिऊन काही सेकंदांत बुडाला आणि जाड टॉवेलचा तुकडा मिनिटभर तरंगत राहिला.

“जुलैमध्ये तुमच्याकडे 600चा टॉवेल वाळतो का?” मी विचारलं. ते हसले. तिथल्या पावसात ड्रायर किती वेळ चालवावा लागतो, हे त्यांनाच जास्त ठाऊक.

मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “मॅडम, विश्वास ठेवायचा कुणावर? मोठं नाव बघून घ्यावं का?”

नावाला किंमत आहेच, पण नावाने तपासणी टळत नाही. 2016 साली अमेरिकेच्या टार्गेट कंपनीने वेलस्पनशी व्यवहार तोडला, कारण इजिप्शियन कॉटन म्हणून विकलेल्या चादरींमध्ये दुसराच कापूस निघाला होता. जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी एकाचं हे झालं. प्रमाणपत्रांचंही तसंच. ओएको-टेक्स स्टँडर्ड 100चं लेबल कापडात घातक रसायनं आहेत का, एवढंच बघतं. थ्रेड काउंटशी त्याचा संबंध नाही. त्यावरचा नंबर त्यांच्या संकेतस्थळावर टाकून लेबल खरं आहे का, ते मात्र पाहता येतं. मी स्वतः बघते ते हे, की विकणारा सुताचा नंबर आणि उभे-आडवे धागे बिलावर लिहून द्यायला तयार आहे का. ते लिहून दिलं की लॅबला पकडायला काहीतरी सापडतं.

मॅनेजरनी तिथूनच 800च्या विक्रेत्याला फोन लावला आणि सुताचा नंबर विचारला. पलीकडून उत्तर आलं, “साहेब, ते कंपनीचं सिक्रेट असतं.” त्यांनी ऑर्डर कोल्हापूरला दिली, टॉवेल सोलापूरचे घेतले आणि दोन्हींच्या ऑर्डरवर एक अट घातली: प्रत्येक लॉटमधला एक नग आमच्या लॅबमध्ये, धुतल्यानंतर तपासायचा.