आमची वाटचाल: इंग्रजी किती, आणि वाक्य कोणाचं

नाशिकमध्ये रविवार कारंजाजवळच्या एका छोट्या गाळ्यात आम्ही सुरुवात केली ती पत्रिका, व्हिजिटिंग कार्ड आणि हँडबिलांच्या डीटीपीने. पुढे दुकानदार म्हणू लागले, "मजकूर पण तुम्हीच लिहा ना." तिथून जाहिरातीच्या कामात शिरलो. आज होर्डिंग आणि इन्स्टाग्राम मिळून बहुतेक काम कॉलेज रोड आणि गंगापूर रोडकडच्या दुकानांचं असतं. त्यांचा ग्राहक विशी-पंचविशीतला. त्यामुळे पहिल्याच बैठकीत एक वाक्य ठरलेलं: "थोडं इंग्लिश टाका, यंग वाटलं पाहिजे."

हे "थोडं" किती, ते आम्हाला कळलं एका सायकलच्या दुकानाचं काम करताना. मालकांनी स्वतः लिहून आणलेली ओळ अशी होती: "एक्सपिरिअन्स करा अल्टिमेट फ्रीडम, तुमच्या ड्रीम बाईकसोबत!"

आमच्याकडे मजकूर लिहिणारी मुलगी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली. आम्ही तिला सांगितलं, दोन-तीन संध्याकाळी दुकानाच्या काउंटरपाशी बस आणि येणारी मुलं काय बोलतात ते जसंच्या तसं लिहून आण. वही परत आली तेव्हा तिच्यात इंग्रजी शब्द भरपूर होते. "गिअरची दाखवा ना." "डिस्क ब्रेकचा मेंटेनन्स किती येतो?" "ईएमआयवर मिळेल का?" "टेस्ट राइड घेऊ का?" पण एक्सपिरिअन्स, अल्टिमेट, प्रीमियम यांतला एकही शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. ते शब्द कंपनीच्या कॅटलॉगमधून आलेले. मुलं इंग्रजी वापरतात ती वस्तूंची आणि व्यवहाराची नावं. कौतुक करायचं झालं की "भारी आहे", "हलकी चालते" असं सरळ मराठीत बोलतात.

दुसरी गोष्ट वाक्याची. गिअर, ब्रेक, टेस्ट राइड हे शब्द मराठीत आले की आपला प्रत्यय घेतात: गिअरची, ब्रेकला, ईएमआयवर. त्यांना लिंगही मिळालेलं असतं. हेल्मेट "आलं", ऑफर "संपली", हे कोणी शिकवावं लागत नाही. असा शब्द कितीही वेळा आला तरी खटकत नाही. "एक्सपिरिअन्स करा अल्टिमेट फ्रीडम" मध्ये मात्र सगळी ठेवणच इंग्रजी: क्रियापद आधी, मग विशेषण, मग नाम. मराठी उरलं ते फक्त "करा". कानाला खटकते ती ही ठेवण. म्हणून आम्ही इंग्रजी शब्द मोजणं सोडून दिलं. क्रियापद मराठी आहे का आणि ते आपल्या जागी आहे का, एवढं आधी बघतो.

आणि "बाईक". कॅटलॉगमध्ये सायकलला बाईक म्हणतात, पण नाशिकमध्ये बाईक म्हटलं की मोटारसायकल. होर्डिंग बघून कोणी ॲव्हरेज विचारायला आलं असतं तर त्यात त्याची काय चूक? तिथे "सायकल"च हवं, अनेकवचनही "सायकली". "सायकल्स" नको.

शेवटी होर्डिंगवर गेलं ते असं: "सकाळी डॅमला जाऊन या, नाश्त्याला घरी. गिअरच्या सायकली आल्यात. टेस्ट राइड फ्री." मालक म्हणाले, "साहेब, यात फ्रीडम कुठे आहे?" आम्ही म्हटलं, "डॅमला जाऊन येण्यातच आहे, शेठ. गंगापूर रोडवरच्या पोराला ते सांगावं लागत नाही." "मोफत" का नाही, असंही त्यांनी विचारलं. मोफत म्हटलं की शिबिर आठवतं, आणि काउंटरवर सगळे "फ्री"च म्हणत होते.

पेपरात घालायच्या हँडबिलात मात्र तीच ओळ जरा बदलली. सायकल हवी असते मुलाला, पैसे देतात वडील. म्हणून तिथे डॅमऐवजी "गंगापूर धरण" झालं, आणि जोडीला ईएमआय न म्हणता "हप्त्यावर मिळेल" असं घातलं. इन्स्टाग्रामवर मात्र ईएमआयच लिहिलं.

चालू बोलीतल्या शब्दांबाबत आम्ही कडक आहोत. मुलांमध्ये आज फिरणारा शब्द काही महिन्यांत शिळा होतो. स्टोरी एका दिवसात जाते, तिथे तो चालेल. होर्डिंग महिनाभर उभं असतं आणि दुकानाची पाटी वर्षानुवर्षं, तिथे नको. पाटीवर मराठी देवनागरीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत असावी लागते, हे २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर आम्हाला बऱ्याच दुकानदारांना समजावून सांगावं लागलं. पाटीचा आणि जाहिरातीचा मजकूर तेव्हापासून आम्ही वेगवेगळ्या बैठकींत ठरवतो.

आता कुठलंही काम आलं की आधी काउंटरची वही, मग मजकूर. तयार झालेली ओळ ती मुलगी फोनवर मैत्रिणीला सहज बोलल्यासारखी वाचून दाखवते. मैत्रिणीने "हे कुठल्या ॲडमधलं?" असं विचारलं, तर ओळ पुन्हा टेबलावर येते.