हातमोजे कोणाचे, त्रास कोणाला

पत्र रुग्णालयाच्या लेटरहेडवर होतं. खाली प्रशासकीय अधिकारी मॅडमची सही आणि गोल शिक्का. ‘विषय : हातमोज्यांबाबत माहिती मिळणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आमच्याकडील काही कर्मचाऱ्यांना हातमोज्यांची ॲलर्जी असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी नायट्राईल, लॅटेक्स व व्हिनाईल यांपैकी कोणते हातमोजे योग्य ठरतील याबाबत लेखी कळवावे व दरपत्रक सोबत जोडावे.’

सर्जिकल मालाच्या धंद्यात अशी पत्रं फारशी येत नाहीत. रुग्णालयाची खरेदी म्हणजे कोटेशन मागवायची, सर्वांत कमी दर ज्याचा त्याला ऑर्डर द्यायची. साईज सोडली तर हातमोज्याबद्दल कोणी काही विचारत नाही. म्हणून मॅडमनी हे पत्र लिहिलं याचंच मला आधी अप्रूप वाटलं. आमच्या ऑफिसातल्या मुलाने दहा मिनिटांत उत्तर तयारही केलं : लॅटेक्स बंद करा, नायट्राईल घ्या, बजेट कमी असेल तर व्हिनाईल. हल्ली निम्मे डीलर हेच सांगतात. ते पत्र मी थांबवलं आणि मॅडमना फोन केला, “त्रास कोणाला होतो, कुठे होतो आणि किती वेळाने होतो, एवढं कळल्याशिवाय मला उत्तर देता येणार नाही.” त्या म्हणाल्या, “मग तुम्हीच येऊन बघा.”

मेट्रनबाईंनी सगळ्यांना एका खोलीत बोलावलं होतं. त्यात निम्म्याहून जास्त वॉर्डातल्या मावशी आणि वॉर्डबॉय होते. त्यांच्या बोटांची पेरं कोरडी पडून चिरली होती, दोघांच्या सांध्यांवर रक्त दिसत होतं. खाज कमी, आग जास्त. विचारल्यावर कळलं, की फरशीचं हायपोक्लोराइट झालं की हात साबणाने धुवायचे, वर सॅनिटायझर चोळायचा आणि तो ओला असतानाच पुढचा हातमोजा चढवायचा. आत अडकलेला ओलावा आणि अल्कोहोल दिवसभर कातडीवर बसतं. ही ॲलर्जी नव्हे, हा कातडीचा जाच आहे आणि हातमोजा कोणत्याही रंगाचा दिला तरी तो थांबत नाही. त्यांना हवे होते फरशीच्या कामासाठी लांब बाहीचे जाड हातमोजे, आतून सुती अस्तराचे, हात पुरते सुकू द्यायची मुभा आणि ड्यूटी संपल्यावर लावायला साधं मलम. यातल्या अर्ध्या गोष्टी मी विकतही नाही.

लॅबच्या तंत्रज्ञाचं वेगळं होतं. त्याने बाह्या वर केल्या आणि मला मनगटावर सरळ रेघ दिसली. हातमोज्याची कड जिथे संपते तिथेच पुरळ संपत होतं. हाताच्या पाठीवर बारीक फोड, जुन्या जागी जाड झालेली खरखरीत कातडी. “सुट्टीवर गेलो की आठ-दहा दिवसांत जातं,” तो म्हणाला. “परत आलो की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हजर.” त्याला लॅटेक्सची ॲलर्जी असेल असं समजून रुग्णालयाने आधीच निळे नायट्राईल दिले होते. पुरळ तसंच राहिलं, म्हणून ‘हा उगाच तक्रार करतो’ असं त्याच्याविषयी बोललं जाऊ लागलं होतं. ते ऐकून मला वाईट वाटलं, कारण त्याची तक्रार तंतोतंत खरी होती.

लॅटेक्स झाडाच्या चिकापासून होतं, नायट्राईल कारखान्यात रसायनांपासून. पण द्रव रबराचा लवचिक पापुद्रा करायचा तर दोन्हींत गंधक घालून ते भट्टीत पक्कं करावं लागतं आणि ते लवकर व्हावं म्हणून ॲक्सलरेटर घालतात : थायुराम, कार्बामेट, मर्काप्टोबेन्झोथायझोल या कुळातली रसायनं. हातमोजा धुऊन निघाला तरी त्यांचा अंश उरतो, घामात उतरतो आणि काही लोकांची कातडी त्याला एक-दोन दिवसांनी उत्तर देते. लॅटेक्स काढून साधं नायट्राईल दिलं तर झाडाचं प्रथिन जातं, ही रसायनं राहतात. मी त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्टसाठी पाठवायला सांगितलं. पाठीवर रसायनांच्या चकत्या चिकटवतात, अठ्ठेचाळीस तासांनी काढून पाहतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात, कारण खरी प्रतिक्रिया बऱ्याचदा उशिरा उमटते. त्याची चाचणी कार्बामेटच्या मिश्रणाला पॉझिटिव्ह आली. म्हणजे त्याला हवं होतं ॲक्सलरेटरशिवाय बनवलेलं नायट्राईल. असे हातमोजे मिळतात, पण खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांवर विसंबून चालत नाही. मी उत्पादकाकडून कोणती रसायनं वापरली नाहीत याचं लेखी पत्र आणि चाचणी अहवाल मागवला, तेव्हाच त्याच्यासाठी ऑर्डर घेतली. ‘हायपोॲलर्जेनिक’ या एका शब्दावर माल विकणाऱ्यांचा मला राग येतो. अमेरिकेच्या एफडीएने लॅटेक्सच्या मालावर हा शब्द छापायला १९९८ पासून मनाई केली, तो शब्द आमच्याकडच्या कॅटलॉगमध्ये अजून सुखाने नांदतो.

व्हिनाईलचा प्रश्न मॅडमना सर्वांत जिव्हाळ्याचा होता, कारण तो सर्वांत स्वस्त. त्यात झाडाचं प्रथिन नाही आणि रबराचे ॲक्सलरेटरही सहसा नसतात, तेव्हा ॲलर्जीपुरतं बोलायचं तर तो चांगलाच ठरतो. अडचण दुसरीकडे आहे. मी त्यांच्या टेबलावर व्हिनाईलची एक जोडी घातली आणि पाव तास नेहमीची कामं केली : बाटल्यांची झाकणं फिरवली, चिकटपट्टी फाडली, नळ उघडले, फाइलचे क्लिप लावले. मग उजव्या हातातला काढून त्यात एक लिटर पाणी भरलं आणि बेसिनवर टांगला. कारखान्यात गळती अशीच तपासतात, पाणी भरून दोन मिनिटं टांगून. पण तिथे तपासतात तो कोरा हातमोजा. मिनिटभरात अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात थेंब जमला, फुगला, खाली पडला. व्हिनाईल फारसं ताणलं जात नाही, त्यामुळे बोटांच्या बेचक्यांत आणि नखांशी ते लवकर जातं, मनगटाशीही सैल बसतं. जेवण वाढायला, औषधांची खोकी लावायला, दोन मिनिटांच्या कोरड्या कामाला ते ठीक आहे. रक्ताचे नमुने हाताळणाऱ्या माणसाला ॲलर्जीपासून वाचवताना सुईच्या नि रक्ताच्या तोंडी द्यायचं का, हे मी मॅडमना सरळ विचारलं. त्यांनी यादीतून लॅबसाठीचं व्हिनाईल तिथेच खोडलं.

सर्वांत शेवटी ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या, सिस्टर बोलल्या, तेही मेट्रनबाईंनी दोनदा सांगितल्यावर. हातावर काही दिसत नव्हतं. “सर, मी महिनाभर निळेच घालते, तरी ओटीत गेलं की दहा-पंधरा मिनिटांत डोळे चुरचुरतात, शिंका सुरू होतात. दोनदा मनगटावर गांधी उठल्या. मागच्या आठवड्यात छाती दाटून आली.” ऑफच्या दिवशी काही नाही. मी विचारलं, “फुगा फुगवताना कधी त्रास झालाय?” त्या चमकल्या. मुलाच्या वाढदिवसाला ओठ सुजला होता. आणि वर्षभरापासून केळं खाल्लं की घशात खाजतं. लॅटेक्सच्या प्रथिनांशी मिळतीजुळती प्रथिनं केळ्यात, ॲव्होकाडोत, किवीत असतात, त्यामुळे हे दोन्ही बरोबर चालणं नेहमीचं आहे. निदान करणं माझं काम नाही. पण त्या दिवशी मी मेट्रनबाईंना म्हटलं, की यांना आजच फिजिशियनकडे पाठवा, छाती दाटण्यापर्यंत गेलेली गोष्ट थांबवून ठेवू नका. रक्तातली लॅटेक्सविरोधी आयजीई, म्हणजे ॲलर्जीची प्रतिपिंडं, तपासली, ती पॉझिटिव्ह आली.

हिच्या बाबतीत पत्रातला प्रश्नच चुकत होता. तिने काय घालावं एवढं सांगून भागत नव्हतं, कारण तिच्या हातातला हातमोजा लॅटेक्सचा नव्हताच. मी ओटीच्या दारात उभा राहून पाहिलं. सर्जन आणि दोन्ही असिस्टंट पावडरचे लॅटेक्स वापरत होते. केस संपल्यावर त्यांनी हातमोजे ओढून काढले तेव्हा दिव्याच्या झोतात पांढरी धूळ सरळ दिसली आणि हळूहळू खाली बसत गेली. ती मक्याच्या पिठाची पावडर असते, हात चटकन आत सरकावा म्हणून. लॅटेक्सची प्रथिनं त्या कणांना चिकटतात आणि कणांबरोबर हवेत जातात. सिस्टर ते श्वासातून घेत होत्या. अशाच धोक्यांमुळे अमेरिकेने जानेवारी २०१७ पासून पावडरच्या वैद्यकीय हातमोज्यांवर बंदीच घातली. अशा माणसाने स्वतः लॅटेक्स घालायचं नाही, आणि त्याच्या खोलीतल्या इतरांनी लॅटेक्स घालायचंच असेल तर पावडर नसलेलं, कमी प्रथिनाचं घालायचं. शिवाय ओटीतला टूर्निकेट, रबरी ड्रेन, फोलीज कॅथेटर हेही तपासायचे, कारण तिथेही लॅटेक्स असतं. तिच्यासाठी लॅटेक्स नसलेल्या कृत्रिम रबराचे, म्हणजे पॉलिआयसोप्रीन किंवा निओप्रीनचे, स्टराईल हातमोजे, साईज साडेसहा. दर लॅटेक्सच्या कित्येक पट, हे मी दरपत्रकात लपवलं नाही. पण सगळ्या ओटीसाठी ते लागणार नव्हतं. बाकीच्यांना पावडर-फ्री लॅटेक्स पुरलं असतं आणि तिथला फरक झेपण्याजोगा होता.

सर्जन साहेबांचं म्हणणं, तीस वर्षं हेच घालतोय, पावडर-फ्रीमध्ये हात नीट बसत नाही. मी दोन कंपन्यांच्या जोड्या त्यांच्यासमोर ठेवल्या. ओल्या हाताने घालू नका, हात कोरडे करून घाला, आतलं कोटिंग त्यासाठीच असतं, एवढं सांगितलं. त्यांनी एक जोडी घातली, टाका घेऊन पाहिला, “वाईट नाही,” म्हणाले, आणि पुढच्या केसला जुन्याच खोक्यात हात घातला. ते उत्तम सर्जन आहेत. पण आपल्या हातमोज्यातली धूळ दुसऱ्या कोणाच्या छातीत जाते, हे त्यांना पटलेलं मला दिसलं नाही.

मी तीन पानांचं उत्तर दिलं, माणसागणिक. मॅडमचा फोन आला : मावशींचं आणि लॅबचं लगेच करते, फक्त ओटीतल्या इतरांच्या हातमोज्यांचा परिच्छेद काढून टाका, समितीपुढे खर्चाचा प्रश्न उभा राहील. त्यांची अडचण मला कळते. त्यांनी विचारलं तरी, इतर कोणी तेवढंही विचारत नाही. तरी तो परिच्छेद मी काढला नाही. तो काढला तर उरलेलं पत्र त्या सिस्टरपुरतं खोटं होतं.

आता सिस्टरांची बदली ओपीडीत झाली आहे. त्या केसपेपर लिहितात. स्क्रबला उभी राहणारी, सर्जनने हात पुढे करण्याआधी हत्यार देणारी बाई. शिवाय ओपीडीच्या ड्रेसिंगच्या खोलीतही पावडरचेच लॅटेक्स आहेत आणि दोन्ही खोल्यांत एकच दार आहे. हे मी मेट्रनबाईंना फोनवर सांगितलं, मग लिहूनही दिलं. या महिन्याची ऑर्डर आली त्यात ॲक्सलरेटर नसलेलं नायट्राईल आहे, जाड हातमोजे आहेत आणि ओटी व ड्रेसिंगसाठी पूर्वीचंच पावडरचं लॅटेक्स आहे. माल पाठवण्याआधी मी त्या ओळीसमोर पावडर-फ्रीचा दर लिहून ऑर्डर परत मंजुरीला पाठवली आहे. खरेदी समितीची बैठक व्हायची आहे. मला तिथे पाच मिनिटं द्या, अशी विनंती मी मॅडमना केली आहे, आणि त्या सिस्टरांनाही त्यांचा रक्ताचा रिपोर्ट घेऊन बोलवा असं सांगितलं आहे.